छापून आलेल्या पेपरमधला तक्ता चुकला, तर शुद्धिपत्र कसं लिहायचं

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने आणि खाली दहा-वीस नोंदी. त्यात खेद नसायचा, खुलासा नसायचा, तरी वाचकाला हवं ते सगळं मिळायचं. संशोधन पत्रिकेतल्या पेपरसाठी शुद्धिपत्र लिहिताना पायाभूत काम तेच असतं. फक्त आणखी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: चूक कशामुळे झाली, आणि तिच्यामुळे पेपरमधलं आणखी काय हललं. नवख्या लेखकांचे मसुदे बहुतेक या दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळतात. कुणी सगळं झाकून ‘निष्कर्षांवर परिणाम नाही’ असं लिहून मोकळं होतं, तर कुणी इतकी माफी मागतं की वाचणाऱ्याला वाटावं, अख्खा अभ्यासच वाहून गेला.

पहिल्यांदाच शुद्धिपत्र लिहायची वेळ आलेल्यांसाठी हा लेख आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातली चूक अगदी रोजच्या पाहण्यातली.

उदाहरण

समजा, ग्रामीण भागातल्या ३६० गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास छापून आला आहे. त्यातल्या २०० जणी लोहाच्या गोळ्या नियमित घेत होत्या, १६० जणी अनियमित. नियमित गटात ८४ जणींना रक्तक्षय आढळला, अनियमित गटात १०४ जणींना. पेपरमधला तक्ता ३ असा छापला गेला:

| गट | एकूण स्त्रिया | रक्तक्षय असलेल्या (टक्के) |
|---|---|---|
| नियमित | २०० | ८४ (४२.०) |
| अनियमित | १६० | १०४ (५२.०) |

तक्त्याखाली ऑड्स रेशो दिला आहे: २.५६, ९५ टक्के विश्वासांतर १.६७ ते ३.९४.

१०४ ला १६० ने भागलं तर ६५.० टक्के येतात, ५२.० नव्हे. हे लेखकांच्या, परीक्षकांच्या, प्रूफ तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, यात फारसं नवल नाही. दोन्ही गट मिळून रक्तक्षयाचं प्रमाण ३६० पैकी १८८, म्हणजे ५२.२ टक्के आहे. त्यामुळे ५२ हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि डोळ्याला खटकला नाही. पेपर येऊन काही महिने झाल्यावर एका वाचकाने नुसत्या टक्केवारीवरून ऑड्स रेशो काढून पाहिला. ५२ ला ४८ ने भागा, ४२ ला ५८ ने भागा, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. उत्तर १.५ च्या आसपास येतं. तक्त्याखाली मात्र २.५६ छापलंय. त्याने ईमेल केली.

पहिली पायरी: चूक कुठून आली ते शोधा

ईमेल मिळाल्या मिळाल्या संपादकांना लिहायला बसू नका. आधी मूळ शीट उघडा. इथे ती उघडल्यावर अनियमित गटाच्या टक्केवारीच्या खान्यात हे सापडलं:

```
=C3/$B$2*100
```

असायला हवं होतं:

```
=C3/B3*100
```

डॉलरच्या खुणांनी छेद दुसऱ्या ओळीला बांधून टाकला होता. वरच्या ओळीत सूत्र बरोबर होतं, ते खाली ओढलं आणि १०४ ला १६० ऐवजी २०० ने भाग गेला.

कारण सापडलं की चुकीची हद्दही कळते. हेच सूत्र आणखी कुठे ओढलं गेलं होतं का? ही टक्केवारी आणखी कुठल्या तक्त्यात गेली का? ऑड्स रेशो याच शीटमधून काढला होता, की वेगळ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधून थेट मूळ नोंदींवरून? आपल्या उदाहरणात तो मूळ नोंदींवरून काढलेला आहे, म्हणून २.५६ बरोबर आहे. पण हे ‘आम्हाला आठवतंय’ या भरवशावर सांगायचं नाही. विश्लेषणाची फाइल पुन्हा चालवून आकडा तोच येतो का ते पाहायचं.

दुसरं काम दुसऱ्या माणसाचं. ज्याने पहिला तक्ता केला, त्याच्याकडून फेरतपासणी करून घेऊ नका. एखाद्या सहलेखकाला फक्त मूळ डेटा द्या, जुनी शीट देऊ नका, आणि पेपरमधले सगळे तक्ते नव्याने काढायला सांगा. होय, सगळे. एक शुद्धिपत्र निघालं आणि चार महिन्यांनी त्याच पेपरचं दुसरं काढावं लागलं, तर पहिल्यावरचाही विश्वास उडतो. वाचक घाबरतात ते अशा वेळी.

स्प्रेडशीटमधल्या चुकीचं सर्वात गाजलेलं प्रकरण अर्थशास्त्रातलं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या पेपरमध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधाचे आकडे होते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासोबत, ते गणित पुन्हा करून पाहिलं. सरासरी काढताना सूत्राची कक्षा पाच ओळी आधीच संपली होती आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे देश बाहेर राहिले होते. मूळ लेखकांनी ही चूक मान्य केली आणि शुद्धिपत्र काढलं. पण टीकेत आणखी दोन मुद्दे होते: काही उपलब्ध आकडे वगळणं, आणि देशांना भार देण्याची पद्धत. निकालात पडलेल्या फरकाचा मोठा भाग या दोन मुद्द्यांमुळे होता, सूत्राच्या चुकीचा वाटा त्यामानाने लहान. ते दोन मुद्दे लेखकांनी मान्य केले नाहीत, आणि त्यावरचा वाद चालू राहिला.

नवख्यांनी यातून एक भेद लक्षात घ्यावा. शुद्धिपत्र वस्तुस्थितीच्या चुकीसाठी असतं. पद्धत योग्य की अयोग्य हा वादाचा विषय, त्याची जागा संपादकांना लिहिलेलं पत्र आणि त्याला लेखकांचं उत्तर. तुम्हाला ईमेल करणाऱ्याने एका दमात दोन्ही लिहिलं असेल, तर दोन्ही वेगळं करा. चूक शुद्धिपत्रात कबूल करा, वादाला उत्तर देण्यासाठी शुद्धिपत्राचा कोपरा वापरू नका.

दुसरी पायरी: आकडा कुठेकुठे पसरला

आता पेपरची छापील प्रत घ्या आणि ५२ कुठेकुठे आहे ते शोधा. आपल्या उदाहरणात तो तक्ता ३ मध्ये आहे, निकालांच्या भागात आहे आणि सारांशातही आहे. सारांशातली चूक जास्त गंभीर, कारण बहुतेक लोक तेवढंच वाचतात आणि पबमेडसारख्या ठिकाणी तेवढंच दिसतं. मग त्या आकड्यावरून काढलेले आकडे शोधा. चर्चेच्या भागात ‘दोन गटांत १० टक्के बिंदूंचा फरक’ असं आहे. तो आता २३ झाला.

इथपर्यंत संगणकाचा शोध मदत करतो. पुढचं हाताने, पेपर पहिल्या ओळीपासून वाचून करावं लागतं, कारण चुकीच्या आकड्यावर उभी असलेली काही वाक्यं आकड्याशिवायच असतात. चर्चेत एक वाक्य सापडलं: ‘गोळ्यांच्या नियमिततेमुळे दिसणारा फरक मर्यादित आहे, आहारातील इतर घटक अधिक महत्त्वाचे असू शकतात.’ यात एकही आकडा नाही, पण ते पूर्णपणे त्या १० वर बेतलेलं आहे. फरक २३ चा असेल तर ‘मर्यादित’ म्हणता येत नाही, आणि त्यावर रचलेला आहाराचा तर्कही लटका पडतो. माझ्या मते तक्त्याच्या चुकीतली सर्वात जास्त वेळा सुटणारी गोष्ट हीच. तक्ता दुरुस्त होतो, आणि त्याच्या आधाराने लिहिलेलं वाक्य तसंच राहतं.

तिसरी पायरी: शुद्धिपत्र पुरेसं आहे का

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती याबाबत स्पष्ट आहे. वस्तुस्थितीच्या चुकांसाठी शुद्धिपत्र. पण प्रामाणिक चुकीमुळे निकालांची दिशा किंवा सांख्यिकी महत्त्व मोठ्या प्रमाणात बदलत असेल, तर पेपर मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापण्याचा विचार करावा. भूमध्य आहारावरचा ‘प्रेडिमेड’ या नावाने ओळखला जाणारा २०१३ चा स्पॅनिश अभ्यास २०१८ मध्ये असाच मागे घेऊन पुन्हा छापला गेला. तिथे प्रश्न एखाद्या तक्त्याचा नव्हता, सहभागींच्या यादृच्छिक वाटपातल्या त्रुटींचा होता.

आपल्या उदाहरणात दिशा तीच आहे, चाचणीचा निकाल तोच आहे, फरकाचं माप मात्र बदललं आहे. त्यामुळे शुद्धिपत्र योग्य. पण हा निर्णय संपादकांचा असतो. तुम्ही पुरावा द्या, आणि पेपर मागे घेण्याची गरज आहे का हे पडताळलं असं सांगा.

लेखकाची चूक असेल तर ‘कॉरिजेंडम’ आणि छपाईतली असेल तर ‘इरेटम’ असा भेद काही पत्रिका करतात, बऱ्याच आता सरसकट ‘करेक्शन’ म्हणतात. पबमेडही दोन्हींना एकाच प्रकारात धरतं. तुमच्या पत्रिकेच्या सूचनांमध्ये जे नाव असेल ते वापरा आणि त्यावर डोकं खर्च करू नका.

चौथी पायरी: सहलेखक, सर आणि संपादक

आपल्याकडे खरा अडथळा इथे येतो. पेपर बहुतेक वेळा पदव्युत्तर विद्यार्थ्याने केलेला असतो, नाव गाइडचंही असतं, आणि ‘सर, आपल्या पेपरमध्ये चूक आहे’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. ते सोपं करण्याचा मार्ग म्हणजे हातात कागद घेऊन जाणं: जुना तक्ता, नवा तक्ता, कारण, आणि शुद्धिपत्राचा कच्चा मसुदा. ‘सर, तक्ता तीनमध्ये अनियमित गटाची टक्केवारी ५२ छापली आहे, ती ६५ हवी. मॅडमनी मूळ डेटावरून पुन्हा काढून पाहिलं. ऑड्स रेशो तोच येतोय. संपादकांना पाठवायचं पत्र आणलंय.’ एवढं ऐकल्यावर बहुतेक सर पहिला प्रश्न ‘बाकीचे तक्ते तपासले का?’ असाच विचारतात. म्हणून आधीची पायरी पूर्ण करून जा.

सगळ्या सहलेखकांची संमती लेखी घ्या, ईमेलवर चालते. संपादकांना जाणारं पत्र करस्पॉन्डिंग ऑथरकडून जातं आणि ते आखूड असावं: पेपरचं शीर्षक आणि डीओआय, चूक काय, कशी लक्षात आली, काय तपासलं, सोबत मसुदा आणि दुरुस्त तक्ता. सांख्यिकीचं आउटपुट मागतील तर द्यायला तयार ठेवा, काही संपादक मागतातच.

शुद्धिपत्र वेळेत निघावं ही तुमचीही जबाबदारी. पत्र पाठवून पोचसुद्धा आली नाही तर आठवण करा.

पाचवी पायरी: मसुदा

आधी एक वाईट मसुदा पाहू. असे मसुदे सर्रास दिसतात:

> लेखकांच्या निदर्शनास आले आहे की, तांत्रिक कारणास्तव तक्ता ३ मध्ये काही किरकोळ त्रुटी राहून गेल्या आहेत. सुधारित तक्ता खाली देत आहोत. या त्रुटींमुळे अभ्यासाच्या निष्कर्षांवर कोणताही परिणाम होत नाही. वाचकांना झालेल्या गैरसोयीबद्दल लेखक अत्यंत दिलगीर आहेत.

भाषा सरकारी परिपत्रकाला साजेशी आहे आणि माहिती शून्य आहे. ‘काही त्रुटी’ म्हणजे किती? वाचक दोन तक्ते शेजारी ठेवून फरक शोधत बसणार, आणि तो सापडला की म्हणणार, ५२ चे ६५ झाले आणि हे किरकोळ? लहान की मोठं ते वाचकाला ठरवू द्या. ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काहीही असू शकतं, म्हणून वाचक सर्वात वाईट ते धरून चालतो. आणि ‘कोणताही परिणाम नाही’ हे तर खोटंच आहे, कारण फरकाचं माप दुपटीहून जास्त झालंय आणि चर्चेतलं एक वाक्य कोसळलंय. माणसाला शांत करायला लिहिलेल्या वाक्यानेच संशय वाढतो, तो असा.

आता दुसरा मसुदा:

> शुद्धिपत्र: (मूळ पेपरचं पूर्ण शीर्षक, खंड, अंक, पाने, डीओआय)
>
> तक्ता ३ मध्ये, लोहाच्या गोळ्या अनियमितपणे घेणाऱ्या गटातील रक्तक्षयाची टक्केवारी चुकीची छापली गेली. छापलेला आकडा: ५२.०. योग्य आकडा: ६५.० (१६० पैकी १०४).
>
> टक्केवारी काढताना या गटाच्या एकूण संख्येऐवजी (१६०) नियमित गटाची संख्या (२००) वापरली गेली. हाच चुकीचा आकडा सारांशात आणि निकालांच्या तिसऱ्या परिच्छेदात आला आहे, तिथेही ६५.० असे वाचावे. चर्चेच्या दुसऱ्या परिच्छेदात दोन गटांतील फरक १० टक्के बिंदू असा दिला आहे, तो २३ टक्के बिंदू आहे. त्याच परिच्छेदातील ‘गोळ्यांच्या नियमिततेमुळे दिसणारा फरक मर्यादित आहे’ इथपासूनचे वाक्य या चुकीच्या फरकावर आधारलेले होते. ते मागे घेत आहोत.
>
> तक्त्यातील स्त्रियांची संख्या, ऑड्स रेशो (२.५६, ९५ टक्के विश्वासांतर १.६७ ते ३.९४) आणि इतर तक्ते मूळ नोंदींवरून एका सहलेखकाने स्वतंत्रपणे पुन्हा काढले, त्यांत बदल नाही. अनियमित गटात रक्तक्षयाचे प्रमाण अधिक असल्याचा निष्कर्ष कायम आहे. दोन गटांतील फरक मात्र मूळ पेपरमध्ये दिला होता त्यापेक्षा मोठा आहे.
>
> ज्यांनी या पेपरमधील संख्या किंवा ऑड्स रेशो वापरला आहे, त्यांना बदल करण्याची गरज नाही. ज्यांनी ५२.० ही टक्केवारी वापरली आहे, त्यांनी ६५.० घ्यावी.
>
> पेपरची ऑनलाइन प्रत (दिनांक) रोजी दुरुस्त करण्यात आली आहे. चूक लक्षात आणून देणाऱ्या वाचकाचे आभार. चुकीबद्दल लेखक दिलगीर आहेत.

या मसुद्यातल्या काही गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात.

चूक काय झाली ते पहिल्याच वाक्यात सांगितलं आहे. ‘निदर्शनास आले आहे की’ असला उंबरठा नाही. छापलेला आणि योग्य असे दोन्ही आकडे शेजारी आहेत. काही लेखक जुना आकडा लिहायला कचरतात, चूक पुन्हा कशाला छापायची म्हणून. पण पाच वर्षांनी कुणाच्या तरी पेपरमध्ये ५२ दिसेल आणि ते कुठून आलं हे शोधणाऱ्याला शुद्धिपत्रात ५२ सापडायला हवं.

कारण एका वाक्यात आहे आणि त्यात माणूस नाही. सूत्र, डॉलरची खूण, शीट कुणी केली होती, यातलं काहीच तिथे नको. डेटा एंट्री करणाऱ्या मुलीवर किंवा इंटर्नवर ढकलणारे मसुदे मी पाहिले आहेत. पेपरवर ज्यांची नावं आहेत, चूक त्यांची. पण कारण पूर्ण गाळूही नका. चुकीचा छेद वापरला गेला, हे कळलं की जाणकार वाचकाला लगेच समजतं की मूळ नोंदींना धक्का नाही.

घबराट टळते ती ‘काय बदललं नाही’ हे सांगणाऱ्या परिच्छेदामुळे, पण तो परिच्छेद तपासाइतकाच लांब हवा. तुम्ही इतर तक्ते पुन्हा काढले नसतील तर ‘इतर तक्त्यांत बदल नाही’ असं लिहिता येणार नाही. ‘तक्ता १ आणि २ पुन्हा तपासले’ एवढंच केलं असेल तर तेवढंच लिहा. आणि निष्कर्षाबद्दल लिहिताना कुठला निष्कर्ष, त्याचं नाव घ्या. ‘निष्कर्ष कायम’ असं मोघम लिहिण्यापेक्षा दिशा कायम आहे, माप बदललं आहे, असं सुटं सुटं लिहिलं की वाचकाला पुढे काही विचारावं लागत नाही.

आता एक मोह. इथे दुरुस्तीमुळे फरक वाढला आहे, म्हणजे निकाल लेखकांच्या बाजूने गेला. अशा वेळी ‘यामुळे आमचा निष्कर्ष अधिकच बळकट होतो’ असं वाक्य हमखास मसुद्यात शिरतं. ते काढून टाका. हा एका वेळी घेतलेल्या नोंदींचा अभ्यास आहे, अनियमित गोळ्यांमुळेच रक्तक्षय झाला असं तो आधीही सांगू शकत नव्हता, आताही नाही. शिवाय शुद्धिपत्राचं बहुधा परीक्षण झालेलं नसतं. नवा दावा करायची ती जागा नाही, मग दावा खरा असला तरी.

‘ज्यांनी वापरला आहे’ हा परिच्छेद लहान आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वात उपयोगी. शुद्धिपत्र वाचणारे बहुतेक लोक हातातलं काम थांबवून तिथे आलेले असतात. कुणी अनेक अभ्यास एकत्र करून विश्लेषण करतंय, कुणी थीसिसच्या साहित्य आढाव्यात हा पेपर घेतलाय. त्यांना एकच विचारायचं असतं: मला काही बदलावं लागेल का? उत्तर ‘काहींना हो, काहींना नाही’ असं असेल तर कुणाला हो आणि कुणाला नाही ते सांगून टाका.

दिलगिरी एकदाच, शेवटी, विशेषणाशिवाय. ‘अत्यंत’, ‘मनःपूर्वक’, ‘दुर्दैवाने’ हे शब्द जितके वाढतात तितकी चूक मोठी वाटायला लागते.

चूक दाखवणाऱ्याचं नाव घालायचं असेल तर आधी त्याला विचारा. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नको असतं, विशेषतः ते स्वतः विद्यार्थी असतील तर.

सहावी पायरी: संपादक मसुदा कापतात तेव्हा

पत्रिकेचा साचा ठरलेला असतो आणि तुमचा मसुदा तीन ओळींवर येऊ शकतो. आभार गेले तरी चालतील, दिलगिरी गेली तरी चालेल. छापलेला आकडा, योग्य आकडा, ज्या ज्या ठिकाणी तो आला ती ठिकाणं आणि मागे घेतलेलं वाक्य मात्र जाऊ देऊ नका. ‘तक्ता ३ दुरुस्त करण्यात आला आहे’ एवढंच उरत असेल तर नम्रपणे पण ठामपणे परत लिहा.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे गुपचूप दुरुस्ती. ‘आम्ही ऑनलाइन पीडीएफ बदलून टाकतो, वेगळ्या सूचनेची गरज नाही’ असं कुणी सुचवलं तर मान्य करू नका. जुनी पीडीएफ आधीच लोकांच्या संगणकांवर उतरलेली असते, आणि एकाच डीओआयच्या दोन प्रती फिरत राहिल्या की दोघेही वाचक स्वतःला बरोबर समजतात. शुद्धिपत्र स्वतंत्र, मूळ पेपरचा उल्लेख करणारं, अनुक्रमणिकेत दिसणारं आणि मोफत वाचता येणारं असावं. मूळ पेपर पैसे भरून वाचायचा असला तरीही.

शुद्धिपत्राचं प्रूफ आलं की तक्ता पुन्हा हाताने तपासा. देवनागरी आणि रोमन आकड्यांची अदलाबदल होताना टाइपसेटिंगमध्ये दशांश चिन्ह हरवतं, ६५.० चं ६५० होतं. शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र काढायची वेळ आली तर तुमचं नाव विभागात बराच काळ गाजेल.

सातवी पायरी: निघाल्यानंतर

मूळ पेपरचं पान उघडा. वर शुद्धिपत्राची लिंक दिसते का? पत्रिका क्रॉसमार्क वापरत असेल तर ते बटण दाबून पाहा, तिथे दुरुस्तीची नोंद हवी. पेपर पबमेडवर असेल तर मूळ नोंदीत शुद्धिपत्राकडे आणि शुद्धिपत्राच्या नोंदीत मूळ पेपरकडे निर्देश यायला हवा. त्याला थोडा वेळ लागतो. बराच काळ आला नाही तर पत्रिकेच्या कार्यालयाला कळवा. पत्रिकेने शुद्धिपत्र उद्धृत करता येईल अशा रूपात छापलं असेल तरच ती नोंद होते, म्हणून वेबसाइटच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर समाधान मानू नका.

मग तुमच्या हातातल्या प्रती. प्रीप्रिंट टाकला होता का? त्याची नवी आवृत्ती चढवा आणि काय बदललं ते टिपणात लिहा. महाविद्यालयाच्या भांडारात, स्वतःच्या प्रोफाइलवर, परिषदेच्या पोस्टरमध्ये जुना तक्ता असेल तर तोही बदला किंवा शुद्धिपत्राची लिंक जोडा. तोच तक्ता थीसिसमध्ये असेल तर विद्यापीठाची दुरुस्तीची पद्धत विभागात विचारा, प्रत्येक ठिकाणी ती वेगळी आहे.

शेवटी, पेपर उद्धृत करणाऱ्यांची यादी काढून ज्यांनी ५२ हा आकडा प्रत्यक्ष वापरला आहे तेवढ्यांनाच चार ओळींची ईमेल पाठवा. सगळ्यांना नको. ज्यांनी नुसता ‘याही अभ्यासात असंच दिसलं’ म्हणून संदर्भ दिला आहे त्यांचं काहीच बदलत नाही, आणि त्यांना ईमेल गेली की नसलेली शंका उभी राहते. ईमेलमध्ये शुद्धिपत्राची लिंक, दोन आकडे आणि त्यांच्या पेपरमधलं पान एवढं पुरे.

आणि ज्याने १.५ आणि २.५६ चा मेळ बसत नाही हे पाहिलं, त्याला शुद्धिपत्राची प्रत सर्वात आधी पाठवा.